गतिज ऊर्जेवरून वेग: गॅमाच्या रकान्यात अडकलेला न्यूट्रॉन (माझा अनुभव)

एमएस्सीला असताना आम्हाला कणांचे वेग काढायला एक तयार एक्सेल शीट दिली होती. कणाची गतिज ऊर्जा K आणि त्याची mc² भरायची, मग पुढचे रकाने आपोआप भरतात. आधी गॅमा, त्यावरून बीटा, म्हणजे v/c, आणि शेवटी वेग. सूत्रांना हात लावायचा नाही आणि त्याचीच प्रिंट जर्नलला जोडायची, असा नियम होता. त्या गॅमाच्या रकान्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

```
=1+B2/C2
=SQRT(1-1/D2^2)
```

पहिला कण होता १ एमईव्ही गतिज ऊर्जेचा इलेक्ट्रॉन. त्याची mc² ०.५११ एमईव्ही, म्हणून गॅमा २.९५७ आणि बीटा ०.९४१. इथे न्यूटनचे ½mv² लावले असते, तर वेग प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट आला असता. ही ओळ चुटकीसरशी झाली.

दुसरा कण म्हणजे अल्ट्राकोल्ड न्यूट्रॉन, गतिज ऊर्जा १०० नॅनो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. शीट म्हणाली, वेग शून्य.

हे न्यूट्रॉन इतके मंद असतात की निकेलसारख्या धातूच्या भिंतीवरून ते परत फिरतात. त्यामुळे त्यांना चक्क भांड्यात कोंडून ठेवता येते आणि न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य, सुमारे ८८० सेकंद, मोजण्याची एक पद्धत त्यावरच उभी आहे. भांड्यात भिंतींवर आपटत फिरणाऱ्या कणाचा वेग शून्य कसा असेल? सरांना विचारले, तर ते म्हणाले, "इतक्या कमी ऊर्जेला शून्यच धरायचं, उत्तरांच्या यादीतही तसंच आहे." यादी त्याच शीटमधून काढलेली होती, त्यामुळे ती वेगळे काही सांगणार नव्हतीच.

मी आकडे कागदावर मांडले. न्यूट्रॉनची mc² आहे ९३९.६ एमईव्ही. तिने १०० नॅनो-इलेक्ट्रॉनव्होल्टला भागले की सुमारे १.०६ × १०⁻¹⁶ येतात. गॅमा म्हणजे १ अधिक एवढासा आकडा. एक्सेल आकडा साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच धरून ठेवते, त्यामुळे बेरीज होताच हा १.०६ × १०⁻¹⁶ गळून पडतो आणि गॅमा बरोब्बर १ उरतो. वेगाबद्दलची सगळी माहिती त्या गळालेल्या भागातच होती. पुढे 1-1/γ² म्हणजे १ उणे १, आणि त्याचे वर्गमूळ शून्य. रकान्याचे फॉरमॅट बदलून जास्त दशांश स्थळे दाखवली, तरी तिथे नुसती शून्येच दिसतात, कारण आकडा लपलेला नसून गेलेला असतो.

मग "अशा ठिकाणी ½mv² वापर" असा सल्ला मिळाला. न्यूट्रॉनपुरता तो बरोबर आहे, पण न्यूटन सोडून आइन्स्टाइनकडे नेमके कधी वळायचे? न्यूटनचा वेग जरा जास्त येतो. कमी ऊर्जेला तो फरक K भागिले mc² च्या सुमारे पाऊणपट असतो. म्हणजे एक टक्का चूक इलेक्ट्रॉनला ७ केईव्हीच्या आतच येते, तर प्रोटॉनला त्यासाठी साडेबारा एमईव्ही लागतात. प्रत्येक कणाची वेगळी सीमा, आणि ती लक्षात ठेवायची विद्यार्थ्याने. मला हे पटले नाही.

वाट सापडली ती संवेगातून. एकूण ऊर्जा E म्हणजे K अधिक mc², आणि E² = (pc)² + (mc²)² हे सर्वांना पाठ असते. त्यात E ची किंमत घालून (mc²)² कागदावरच काढून टाकले, की pc = √(K(K + 2mc²)) उरते. बीटा म्हणजे pc भागिले E. शीटच्या भाषेत एवढेच:

```
=SQRT(B2*(B2+2*C2))/(B2+C2)
```

इथेही K + 2mc² करताना न्यूट्रॉनची इवलीशी K गळतेच, पण त्याने काही बिघडत नाही, कारण बाहेर गुणाकारात K शाबूत बसलेली असते. जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी मात्र कुठेच नाही. हाताने करून बघा: २mc² म्हणजे १.८७९ × १०⁹ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याला १०⁻⁷ ने गुणले की १८७.९. वर्गमूळ १३.७, म्हणजे pc १३.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याला ९३९.६ एमईव्हीने भागले की बीटा १.४६ × १०⁻⁸ आणि वेग सेकंदाला ४.४ मीटर. माणूस चांगल्यापैकी पळतो, तितका!

हा आकडा खरा की नाही, हे गुरुत्वाकर्षणावरून ताडता येते. सेकंदाला ४.४ मीटरने सरळ वर निघालेली कुठलीही वस्तू साधारण एक मीटर चढून परत फिरते. आणि न्यूट्रॉनला एक मीटर वर चढायला सुमारे १०२ नॅनो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. जुळले. हा ताळा पाहून मला जो आनंद झाला, तो जर्नलवरच्या सहीने झाला नाही. सरांनी तो कागद नीट वाचला आणि शीटमागे जोडायला परवानगी दिली. शीट मात्र तशीच राहिली.

एककांचे आधीच सांगायला हवे होते. K आणि mc² एकाच एककात भरा, न्यूट्रॉनच्या ओळीत दोन्ही इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच. c ची किंमत अगदी शेवटी, बीटा आल्यावरच घाला. आणि दिलेली ऊर्जा गतिज आहे की एकूण, हे भरण्याआधी पाहा. १ एमईव्ही ही इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा असेल, तर बीटा ०.९४१ नव्हे, ०.८६ येतो.

तिसरी ओळ होती १५ ऑक्टोबर १९९१ ला अमेरिकेतल्या युटामध्ये फ्लाय्ज आय वेधयंत्राने टिपलेल्या वैश्विक किरणाची, ऊर्जा ३.२ × १०²⁰ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तो प्रोटॉन होता असे धरायचे आणि प्रकाशापेक्षा किती मागे पडतो ते काढायचे. शीटचे उत्तर पुन्हा शून्य, आणि इथे संवेगाचे सूत्रही बीटा १ देते. मागे पडण्याचे अंतर हवे असेल, तर 1-β ची वजाबाकी एक्सेलवर सोडू नका, ती कागदावरच उरका. (E − pc)/E च्या वर-खाली E + pc ने गुणले, की वर फक्त (mc²)² राहते:

```
=C2^2/((B2+C2)*(B2+C2+SQRT(B2*(B2+2*C2))))
```

यातून ४.३ × १०⁻²⁴ येतात. त्याला c ने गुणले, तर सेकंदाला १.३ × १०⁻¹⁵ मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या स्वतःच्या व्यासाहूनही कमी. प्रकाश आणि हा प्रोटॉन एकाच वेळी निघाले, तर वर्षभराने प्रकाश त्याच्या जेमतेम ४१ नॅनोमीटर पुढे असेल.