दिल्ली दरवाज्याचे खिळे

"फोटोतला मागचा माणूस काढता, मग त्याच्या पाठीमागे काय होतं ते तुम्हाला कसं कळतं? मनानेच भरता का?"

झाड किंवा आभाळ असेल तर मनाने भरलेलं खपतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे काढलेला फोटो असेल तर नाही. त्या दारावर टोकदार लोखंडी खिळ्यांच्या रांगा आहेत. शेजारचे खिळे उचलून मोकळ्या जागेत चिकटवले की एखाद्या रांगेत एक खिळा जास्त होतो नाहीतर आडवी रांग मध्येच चढते, आणि पुणेकराला ते लगेच खटकतं.

अलीकडेच एका आजी-आजोबांचा जुना रंगीत फोटो आला. मागे डाव्या फळीसमोर कुणी अनोळखी गृहस्थ उभे. त्यांना काढायचं तर आधी दाराचा आजचा फोटो हवा. मी तिथे गेलो आणि मूळ फोटो जिथून घेतला असावा ती जागा शोधली. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती हे दुय्यम. कुठे उभे राहता ते महत्त्वाचं. दाराची फळी सपाट असल्यामुळे तिचा फोटो तिरका आला तरी चार कोपरे ओढून मूळ फोटोवर बसवता येतो. खिळे मात्र फळीतून पुढे आलेले असतात. मूळ फोटो डावीकडून घेतला असेल आणि तुम्ही उजवीकडे उभे असाल, तर फळी चपखल बसते पण खिळ्यांची टोकं उलट्या दिशेला झुकतात. ते कितीही ओढून सुधारत नाही. परत जावं लागतं.

बसलं की नाही हे डोळ्यांवर सोपवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आजच्या फोटोचा थर जुन्या फोटोवर ठेवून Difference मोडवर टाकतो, म्हणजे दोन्हींतला फरक तेवढा दिसतो. जुळलेला भाग जवळजवळ काळा होतो, सरकलेल्या खिळ्याभोवती उजळ कड दिसते. मग फक्त त्या गृहस्थांच्या आकाराएवढा भाग उघडा ठेवून बाकी झाकतो.

दार उत्तराभिमुख असल्याने ते बहुतेक वेळ सावलीत असतं, हे आमचं नशीब. एरवी खिळ्यांच्या सावल्यांची दिशा जुळवायला त्याच ऋतूतली तीच वेळ गाठावी लागली असती. इथे रंग जुन्या प्रिंटच्या पिवळटपणाकडे ओढला, धार किंचित मारली आणि वर प्रिंटवर दिसतो तेवढाच बारीक दाण्यांचा रवा टाकला. हा रवा टाकायचा राहिला तर तेवढाच तुकडा गुळगुळीत दिसतो आणि ठिगळ उघडं पडतं.

आजच्या फोटोतून सगळंच मिळतं असं नाही. मधल्या वर्षांत लागलेली पाटी किंवा दुरुस्ती जुन्या फोटोत शिरता कामा नये, म्हणून उरलेल्या दाराशी ताडून पाहतो. आणि त्या गृहस्थांच्या कोपराने आजींच्या पदराचा जो काठ झाकला होता, तो दारावर कुठून सापडणार? त्यासाठी त्याच रोलमधले मागचे-पुढचे फोटो घरच्यांकडून मागवले आहेत.