मुलाखतीच्या विंगेत

नोकरीच्या मुलाखतीत नाटक करतो तो उमेदवार आणि प्रेक्षक म्हणून बसतं ते पॅनेल, असं आपण धरून चालतो. पॅनेलवर बसायची वेळ आली की हा समज दार उघडण्याच्या आधीच गळून पडतो. नुकत्याच गेलेल्या उमेदवाराच्या बोलण्याची कुणी नक्कल करत असतं, कुणी खुर्चीत पसरून "अजून किती राहिलेत?" विचारत असतं, कुणी समोरच्या माणसाचा बायोडेटा आत्ता पहिल्यांदा उघडत असतं. दारावर टकटक होते. मोबाईल पालथे पडतात, पाठी ताठ होतात, चेहऱ्यांवर माफक हसू येतं. आत आलेल्या माणसाला दिसते ती एक गंभीर, एकमताची संस्था, जणू सकाळपासून त्याचीच वाट बघत बसलेली.

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने आपली उमेदीची वर्षं अशाच क्षणांच्या अभ्यासात घालवली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या एका छोट्या वस्तीत तो १९४९ ते १९५१ या काळात राहिला, आणि तिथल्या हॉटेलात त्याला स्वयंपाकघराच्या दारावरून चालणारी एक कुरबुर दिसली. ताटं घेऊन ये-जा करणाऱ्या मुलींना ते दार उघडं हवं असे आणि मालकांना बंद. दार उघडं राहिलं तर पाहुण्यांना पडद्यामागचं दिसणार, ही मालकांची भीती. रंगमंच आणि विंग यांच्यामध्ये अशी एक हद्द असते आणि ती राखायला सतत कष्ट पडतात, हे त्याच्या १९५९ सालच्या गाजलेल्या पुस्तकातलं एक मुख्य सूत्र. मुलाखतीच्या खोलीचं दार त्याच जातीचं.

त्याच्याकडचं दुसरं निरीक्षण मला जास्त उपयोगाचं वाटतं. माणूस स्वतःविषयी काही गोष्टी मुद्दाम सांगतो आणि काही त्याच्याकडून निसटतात. शेटलंडमधली एक शेतकरीण बाहेरून आलेल्या पाहुण्याला स्थानिक पदार्थ वाढायची. "छान झालंय" हे तो म्हणे ते ती हसून ऐकून घेई, पण लक्ष ठेवी त्याच्या चमच्यावर. चमचा किती लगबगीने तोंडाकडे जातोय, घास किती चवीने चावला जातोय, यावरून ती खरं काय ते ताडायची. पॅनेलही हेच करतं. उत्तर ऐकतं, पण विश्वास ठेवतं तो उत्तराआधीच्या थांबण्यावर, नजरेवर, हातांवर.

या खेळात बघणाऱ्याचं पारडं सहसा जड असतं, असं गॉफमनचं मत. मुलाखतीपुरतं ते मला पटत नाही. शेतकरणीकडे पाहुणा पुन्हा जेवायला बसणार होता. पॅनेलला माणूस अर्धा तास, तोही एकदाच दिसतो, आणि त्या अर्ध्या तासाची संहिता उमेदवाराला बरीचशी आधीच पाठ असते. उत्तरापूर्वी विचारात पडल्यासारखं थांबायचं हेसुद्धा शिकवलं जातं. जे 'निसटलं' म्हणून आपण खूश होतो, ते कधीकधी हळूच सोडून दिलेलं असतं.

खरी गंमत मात्र प्रयोग अडखळतो तेव्हा कळते. हिशेब विभागातल्या एका जागेसाठी मुलाखत चालू होती. उमेदवार बाईंच्या बायोडेटात नोकऱ्यांची नुसती वर्षं होती, महिने नव्हते. मधली रिकामी जागा झाकायची ही जुनी युक्ती. पण आमच्या छापील अर्जात महिन्याचा रकाना होता आणि तो त्यांना भरावा लागला होता. आमच्यातल्या सर्वांत नव्या सहकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सरळ विचारलं, "इथे मध्ये आठ महिने दिसत नाहीत?"

तोवर बाई उत्तम बोलत होत्या. आता "हो, त्या काळात मी..." इथे वाक्य थांबलं. हात फायलीकडे गेला, फाइल उघडली, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, ती मिटली. शांतता फार तर तीन-चार सेकंदांची असेल, पण संकोच संसर्गजन्य असतो. विचारणाऱ्याने उगाच पान उलटलं. मी पेनाचं टोपण लावलं. आणि अध्यक्ष बाई म्हणाल्या, "बरं, आधीच्या ठिकाणी नवीन प्रणाली बसवली असं लिहिलंय तुम्ही. ते कसं जमवलंत?"

हे जे घडलं त्याला गॉफमन प्रेक्षकांनी दाखवलेलं तारतम्य म्हणतो. नटाचा मुखवटा सरकला की प्रेक्षकच तो सावरून देतात, कारण प्रवेश कोसळला तर त्यांनाही अंगावर येतो. एकाला कोंडीत पकडणारे तिघे, ही भूमिका आम्हालाही नको होती. पण एवढ्याने भागत नाही. दोर टाकलाय हे नटालाही ओळखता यावं लागतं. बाई जर म्हणाल्या असत्या, "थांबा, आधी त्या आठ महिन्यांचं सांगते," तर अध्यक्षांची मदत उघडी पडली असती. त्यांनी तसं केलं नाही. नव्या प्रणालीवर बोलू लागल्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आवाज जागेवर आला, आणि आम्ही तिघं गरजेपेक्षा जरा जास्तच माना डोलावू लागलो. एरवी टेबलाच्या दोन बाजूंना दोन चमू असतात. त्या मिनिटाला एकच होता.

इथवर सगळं माणुसकीचं वाटतं. हिशेब पुढे लागतो. बाई बाहेर गेल्या, दार लागलं आणि आम्ही पुन्हा विंगेत आलो. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर आलं नव्हतं, आणि आता ते मागायची सोयही उरली नव्हती. मग ज्याने त्याने आपापलं उत्तर भरलं. एक म्हणाला, "घरचं काही आजारपण असेल." दुसरं मत, "काढून टाकलं असणार, नाहीतर सांगितलं असतं." तारतम्याने प्रश्न झाकला आणि गुण द्यायचं काम कल्पनाशक्तीकडे गेलं.

शिवाय हा दोर सगळ्यांना सारखा मिळत नाही. आधीच्या उमेदवाराचंही एका प्रश्नावर असंच झालं होतं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. तो चाचरत राहिला आणि आम्ही लिहीत राहिलो. ज्याच्या बोलण्याचा घाट आपल्यासारखा, त्याला सावरून घ्यायला तोंड आपोआप उघडतं. नंतर कागदावर मात्र सावरलेल्याला 'आत्मविश्वास आहे' आणि न सावरलेल्याला 'गोंधळतो' असं लिहिलं जातं, जणू तो गुण त्याने घरून आणला होता. आमचा हात त्यात कुठे लागला, हे नोंदवायला रकानाच नसतो.

यावर एक रुक्ष उपाय आहे: सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि आपसात बोलायच्या आधी गुण लिहून टाकायचे. अशा बांधीव मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बरा येतो, हे संशोधनातून पुनःपुन्हा दिसलं आहे. पॅनेलवरच्या अनुभवी मंडळींना ती आवडत नाही. माणूस ओळखायची आपली नजर वाया जाते, असं त्यांना वाटतं. उमेदवारांनाही ती थंड वाटते, आणि ते खरंच आहे, कारण तिथे अध्यक्षांना दोर टाकायची मुभा नसते. आठ महिन्यांचा प्रश्न तिथे एकतर सगळ्यांना विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, किंवा विचारायचाच नाही.

आमची मुलाखत तशी नव्हती. 'आत्मविश्वास' या रकान्यात तिघांचे आकडे वेगवेगळे पडले, आणि सर्वांत मोठा आकडा अध्यक्ष बाईंचा होता.