आमची वाटचाल : बाटल्या किती मागवाव्या?

मालवणात कोकम सरबताचा आमचा व्यवसाय घरच्या पडवीत सुरू झाला. वर्षाला २०० मिलीच्या १८,००० काचेच्या बाटल्या लागायला लागल्या, तेव्हा मी त्या कोल्हापूरहून एकदमच आणून टाकल्या. पडवी भरली, मग शेजारची खोली भाड्याने घेतली. आई रोज विचारायची, "ह्या बाटल्यांचा भाडा कोण देतलो?" पुढच्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि दरमहा १,५०० बाटल्या मागवू लागलो. मग टेम्पोवाल्याचंच भलं झालं.

शेवटी हिशेब मांडला. एका खेपेचा खर्च, म्हणजे भाडं, हमाली आणि माल उतरवण्यात जाणारा दिवस, ३,००० रुपये. बाटली १,५०० आणा की ७,५००, तो तेवढाच. एक बाटली वर्षभर सांभाळायला ३ रुपये : नऊ रुपयांच्या बाटलीवर बँकेचं व्याज साधारण एक रुपया, बाकी खोलीभाडं आणि तूटफूट. व्याज मी आधी धरलंच नव्हतं.

एका खेपेला किती माल मागवावा, याचं फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ साली मांडलेलं सूत्र सोपं आहे. वर्षाची गरज गुणिले खेपेचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले सांभाळण्याचा खर्च आणि त्याचं वर्गमूळ. आमचं उत्तर आलं ६,०००. म्हणजे वर्षात तीन खेपा, ९,००० रुपये. ६,००० येतात आणि हळूहळू संपतात, म्हणजे सरासरी ३,००० बाटल्या घरात, त्याचेही ९,०००. एकूण १८,०००. एकदम आणल्या तेव्हा हाच खर्च ३०,००० होता आणि दरमहा मागवताना ३८,२५०.

मला खरा दिलासा वेगळ्याच गोष्टीने दिला. ५,००० मागवल्या तर खर्च १८,३०० आणि ७,५०० मागवल्या तर १८,४५०. म्हणजे आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. टोकाला गेलं की मात्र बिघडतं.

आमचं भाडं कमी, कारण मासळी घेऊन कोल्हापूरला गेलेला टेम्पो रिकामा परततो. (वास येतो, पण बाटल्या धुवायच्याच असतात.) जून-जुलैत मासेमारी बंद, टेम्पोही बंद. म्हणून एक खेप मे संपायच्या आत घेतो, सूत्र काहीही म्हणो. आणि कोकमाच्या फळाला तर ते लागूच नाही. रातांबे उन्हाळ्यात येतात, तेव्हाच वर्षाचं आगळ मिठात घालून ठेवायचं.

यंदा कारखान्याने १८,००० एकदम घेतल्यास बाटलीमागे ५० पैसे सूट देऊ केली. सूट ९,००० ची, वाढीव खर्च १२,००० चा. मी ७५ पैसे मागितले. अजून फोन आलेला नाही.