वस्तीची गाडी

दुपारची जेवणं उरकली आणि गॅसवाल्याचा नंबर शोधायला फोन हातात घेतला. गॅसवाला काही सापडला नाही, पण "दाभोळ फेरी मॅडम" सापडल्या. त्यांच्याखाली "डेंटिस्टकडच्या मावशी मंडणगड", आणि आणखी खाली "वाचनालय ताई". यांची खरी नावं मला ठाऊक नाहीत, किंवा तेव्हा ठाऊक होती आणि लिहून घ्यायची राहिली. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून त्या मॅडम आणि मी चांगल्या पाऊण तास गप्पा मारत होतो. वास्तविक फेरी एवढी लांबत नाही. गाड्या चढेपर्यंतचा आणि उतरल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहिल्याचा वेळ त्यात धरलाय. शेवटी नंबर घेतले आणि "या हो एकदा" झालं. पुढे काहीच नाही. त्यांच्या डीपीवर आता नातू आहे.

आमच्या आजोबांना हे असलं चालत नसे. सुट्टीत गावी जायचो तेव्हा एसटी स्टँडवर कुणी ना कुणी त्यांच्या ओळखीचं भेटायचंच, आणि निघताना "येतो एकदा तुमच्याकडे" म्हणायचं. आजोबा तिथेच पाय रोवत. "एकदा म्हणजे कधी? मंगळवारी या. वस्तीच्या गाडीने या, रात्री जेवा, झोपा, सकाळी तीच गाडी परत जाते." समोरच्याची पंचाईत व्हायची. आम्हा पोरांना लाज वाटायची, वाटायचं किती मागे लागतात. पण मंगळवारी रात्री वडाच्या वळणावर गाडीचे दिवे दिसले की त्यातून तो माणूस उतरायचा. बहुतेक वेळा उतरायचाच. हातात पिशवी, पिशवीत कसलीतरी केळी. आजी त्याला जायफळ घातलेली कॉफी करून द्यायची. ती कॉफी फक्त पाहुण्याला आणि तापकऱ्याला मिळे, म्हणून आम्ही पाहुण्यांची वाट बघायचो. एरवी चहा.

लहानपणी मला वाटायचं की आजोबांच्या आग्रहाला जोर होता म्हणून माणसं येत. आता वाटतं, ती सकाळच्या गाडीमुळे येत. येणाऱ्याला निघायचं कधी ते आधीच माहीत असायचं. कोकणातल्या घरी पहिल्यांदा जायचं म्हटलं की माणूस खरा घाबरतो तो जाण्याला नाही, निघण्याला. चहा झाला की पोहे, पोहे झाले की "आता जेवूनच जा", मग माजघरातून सासूबाई येऊन मूळ गाव कुठलं, आडनाव काय, अमक्याचे तुम्ही कोण. उठू म्हणेपर्यंत फणस फोडायला घेतलेला असतो. अर्धवट ओळखीच्या माणसाला घरी बोलावणं म्हणजे त्याची अख्खी संध्याकाळ मागणं, आणि ते त्यालाही कळतं. म्हणून तो हसून "येऊ की" म्हणतो.

वाचनालय ताईंच्या बाबतीत मी म्हणून वस्तीच्या गाडीचा हिशेब लावला. आमचं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. तिथे पुस्तकं बदलताना आमची गाठ पडायची, दोघींचा दिवस शनिवार. बोलणं पुस्तकांवरून सुरू होऊन माशांवर जायचं, मासे संपले की घरी जायचो. मी मेसेज लिहिला तो असा: "शनिवारी चारला पुस्तकं बदलून मी खालच्या रस्त्यावर कॉफी प्यायला जाणार आहे. याल का सोबत? मला साडेपाचला निघायचंय. कालवांची गोष्ट अर्धी राहिली आहे." मी नाहीतरी जाणारच आहे, हे त्यात आधी येतं, म्हणजे नाही म्हणायला त्यांना जड जात नाही. साडेपाचची वेळ ही सकाळची गाडी. आणि कालवं अशासाठी, की एवीतेवी कुणालाही पाठवता येईल असा तो मेसेज राहू नये.

"कधी मोकळ्या असता?" असं मुद्दाम विचारलं नाही. तो प्रश्न सभ्य दिसतो, पण त्यात सगळं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. आठवडा आठवायचा, नवऱ्याची शिफ्ट बघायची, वर जागाही सुचवायची. ते काम नंतर करू म्हणून मेसेज बाजूला पडतो आणि नंतर उत्तर द्यायची लाज वाटते.

त्यांचं उत्तर रात्री आलं. "या शनिवारी नणंद येत्येय. पुढच्या शनिवारी चालेल?" हे होकारातच जमा. ज्याला यायचं असतं तो नकाराला जोडून दुसरा वार देतो. नुसतं "या वेळी नाही जमणार हं, बघू" आलं की मी पंधरा दिवस जाऊ देते, आणखी एकदा विचारते, आणि तेव्हाही वार आला नाही तर विषय सोडून देते. सोडायचा म्हणजे वाचनालयात भेटल्यावर तोंड फिरवायचं असं नव्हे. मासे पहिल्यासारखेच चालू ठेवायचे. काहींना ओळख तेवढीच हवी असते.

आदल्या रात्रीच्या मेसेजबद्दल माझा एक हट्ट आहे. "उद्या जमतंय ना?" असं मी विचारत नाही. दिवसभर दमलेल्या बाईला रात्री साडेनऊला हा प्रश्न विचारला तर खरं उत्तर "नाही" हेच असणार. मी लिहिते, "उद्या चारला. आत खिडकीकडच्या टेबलावर बसते. पाऊस असला तरी आहेच." हा शेवटचा तुकडा आपल्याकडे जून ते सप्टेंबर लिहावाच लागतो, नाहीतर दोघीही आपापल्या घरी ढगाकडे बघत बसतात आणि समोरची येणार नाही असं धरून चालतात.

तसं धरून चालण्याची आपल्याला खोडच असते. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना दोघादोघांनी गप्पा मारायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला वेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडलात असं वाटतं? सरासरीने अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघाला. म्हणजे दोघंही उठून जाताना आपणच जरा जास्त बोललो असं मनाशी म्हणत असावेत. दाभोळ फेरी मॅडमही तेव्हा तसंच म्हणत गेल्या असतील का, कोण जाणे.

तर कॉफी झाली. ती काही आजीच्या हातची नव्हती. वर फेसाचं पान काढलेलं होतं आणि ते मोडायचं कसं म्हणून ताईंनी आधी बाजूने चमच्याने साखर सोडली. कालवांची गोष्ट पुरी झाली. त्यांची आई ओहोटीला कातळावर उकिडवी बसून टोकदार लोखंडाने कालवं फोडायची, आणि ताई पाण्याची कळशी धरून शेजारी उभ्या. वरचं शिंपलं उडालं की आतला ऐवज वाटीत. दिवसभर खपून वाटी भरायची, नि भावाच्या एका जेवणात संपायची. "किती वर्षांत गेले नाही कातळावर," त्या म्हणाल्या, "जाऊ या एकदा."

सव्वापाच झाले होते. आजोबा असते तर त्यांनी इथेच पाय रोवले असते. हॉटेलच्या गल्ल्यामागे कालनिर्णय टांगलेलं होतं, ते मागून घेतलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आपल्याकडे दर्यावर जाणाऱ्या घरात पोरंही सांगतात. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. गणित ढोबळ आहे, बंदराबंदराप्रमाणे अर्धापाऊण तास मागेपुढे होतं, पण वार ठरवायला पुरतं. पुढचा शनिवार बघितला, दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे ओहोटी दुपारी दीडला. दीडला कातळ तव्यासारखा तापलेला. त्याच्या पुढचा शनिवार वद्य द्वितीया: भरती दीडला, ओहोटी साडेसातला, काळोखात. दोन्ही शनिवार गेले. मधे पौर्णिमा गुरुवारी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी हटतंही जास्त, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो. आमच्यापैकी कुणीही आपणहून गुरुवार काढला नसता. पण समुद्राने काढला म्हटल्यावर ताईंनी तिथल्या तिथे ऑफिसात फोन लावून तासभर आधी सुटायची परवानगी मागितली. कॉफीला यायला त्यांना दोन आठवडे लागले होते.

मग वाटणी केली. पायात घट्ट पट्ट्याची सँडल हवी, रबरी स्लिपर शेवाळावर आपल्याला खाली बसवते. चारलाच पोचायचं, म्हणजे पाणी उतरत असताना आत जाता येतं, आणि पाणी फिरलं की गोष्ट कितीही रंगलेली असो, मागे वळायचं, कारण भरतीचं पाणी समोरून दिसतं पण आधी शिरतं ते आपल्या मागच्या घळीतून. लोखंड त्यांच्याकडे, आईचं, अजून माळ्यावर आहे. थर्मास माझ्याकडे. दोघींकडे एकेक वस्तू असली की बेत मोडताना दोनदा विचार होतो. लोखंड माळ्यावरून काढून, पुसून ठेवल्यावर "कंटाळा आला" असं कळवायला जीभ रेटत नाही.

बिलावरून ओढाताण व्हायला नको म्हणून मी आधीच सांगितलं, बोलावलं मी, तेव्हा आजचं माझं. त्या म्हणाल्या, पुढचं माझं. साडेपाचला उठलो.

गुरुवारी गेलो. कालवं फारशी मिळाली नाहीत, जी होती ती नखाएवढी, आणि फोडण्याचा हात ताईंना तरी कुठे राहिलाय. आईचं लोखंड मात्र अजून पाजळलेलं निघालं. त्या बराच वेळ ते नुसतं हातात धरून बसल्या होत्या, मी पलीकडच्या डबक्यातला खेकडा बघते आहे असं दाखवलं.

आता अमावास्या शुक्रवारी येते. शुक्रवारी त्यांना सुटायला उशीर होतो, म्हणून आदल्या दिवशीची चतुर्दशी धरली आहे: चौदाची पाऊणपट साडेदहा, ओहोटी साडेचारला. त्यांची जाऊही येणार आहे. ती येते म्हणजे सोबत डबे येणार, आणि डबे आले म्हणजे साडेपाचला कोण सुटतंय.