हमालीचा दर पट्टीतच का ठेवला?

"ताई, एक्स्टर्नल ‘हे डिझाइन असंच का केलं?’ असं विचारतात तेव्हा नेमकं काय सांगायचं? तुमची उत्तरं लिहून द्याल का, आम्ही पाठ करून जातो."

नाही, लिहून देणार नाही. ओरलच्या तारखा लागल्या की हाच मेसेज येतो आणि मी प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात काहीतरी सांगत बसते. माझं उत्तर तुमच्या कोडला बसणारच नाही, आणि ते एक्स्टर्नलना दुसऱ्याच प्रश्नात कळेल. त्यापेक्षा माझ्या ओरलला काय झालं ते एकदा नीट सांगते. तुमच्या कानावर एवढंच आलंय की ताईला प्रोजेक्ट विकत घेतलं म्हणून झापलं होतं. ते प्रोजेक्ट विकत घेतलेलं नव्हतं, हे आधी लक्षात घ्या.

तिसऱ्या वर्षाचं डीबीएमएसचं मिनी प्रोजेक्ट होतं. अर्ध्या वर्गाने लायब्ररी घेतली होती, उरलेल्यांनी हॉस्पिटल. आम्ही कांद्याची हिशोबपट्टी घेतली, कारण आमच्या घरी पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यांची पिशवीच होती. लिलावात भाव ठरतो, काट्यावर वजन होतं, मग पट्टीवर वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि खाली हातात पडणारी रक्कम. आमचं मुख्य टेबल असं होतं (तोलाईचा कॉलम इथे गाळलाय):

```sql
CREATE TABLE patti (
  patti_id    INT PRIMARY KEY,
  lilav_date  DATE NOT NULL,
  vajan_qtl   DECIMAL(8,2) NOT NULL,
  bhav        DECIMAL(10,2) NOT NULL,
  hamali_rate DECIMAL(6,2) NOT NULL
);
```

दरांचं वेगळं टेबलही होतं, kapat_dar नावाचं. नवी पट्टी करताना चालू दर तिथून उचलायचा आणि पट्टीच्या ओळीत लिहून ठेवायचा. ओरलमध्ये सगळं अडलं ते या शेवटच्या कॉलमपाशी.

एक्स्टर्नल सरांनी जर्नल उघडलं, स्कीमाच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दर त्या टेबलात आहेत ना? मग hamali_rate इथे पुन्हा कशाला?" मी म्हटलं, "सर, उद्या दर वाढला तर जुन्या पट्ट्या बदलायला नकोत." उत्तर बरोबर होतं. आजही मी तेच देईन. सर म्हणाले, "मग दरांच्या टेबलात तारीख टाका. कोणत्या तारखेपासून कोणता दर. जुनी पट्टी जुन्या तारखेचा दर घेईल. हे का नाही केलं?"

मी गप्प झाले. पार्टनरने ‘सर, परफॉर्मन्ससाठी’ असं काहीतरी पुटपुटलं. सरांनी लगेच विचारलं, "ओळी किती आहेत टेबलात?" दोनशेच्या आत होत्या. "मोजला वेळ?" नव्हता मोजला. मग सरांनी जर्नल मिटलं आणि शांतपणे विचारलं, "कोणाकडून करून घेतलंत?"

फाइलला नमुना म्हणून एक खरी पट्टी लावली होती. ती दाखवत मी म्हटलं, "सर, ही माझ्या वडिलांची पट्टी आहे." ते म्हणाले, "पट्टी वडिलांची असेल. कोड कोणाचा?"

लॅबमध्ये पुढचे दोन ग्रुप उभे होते. इंटर्नल मॅडम मान खाली घालून मार्कशीट बघत होत्या; त्यांनी आमचं काम दर आठवड्याला पाहिलं होतं आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्याचा राग मला सरांपेक्षा जास्त आला होता आणि अजून पुरता गेलेला नाही. मी सांगितलं, की हवं तर आत्ता इथे बसून पुन्हा लिहून दाखवते. सर म्हणाले, "लिहिता येतं का हे मी विचारलेलंच नाही." आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं. पास झालो, मार्क ठीकठाक आले, पण बाहेर आल्यावर पार्टनर आणि मी बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

त्या वेळची मी म्हणायची, की हा सरळ अन्याय आहे. प्रत्येक ओळ मी लिहिलेली, प्रत्येक ओळ काय करते ते मला सांगता येत होतं. आता मला वाटतं, ओळ काय करते हे तर विकत घेतलेल्या प्रोजेक्टवालाही रात्रभर बसून पाठ करतो. टेबलाच्या पलीकडून पाहणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात. फरक दिसतो तो न निवडलेल्या रस्त्यावर, कारण तिथलं कोड जर्नलमध्ये नसतं. तरीही संशय असा चारचौघांत बोलून दाखवायला नको होता, हे माझं मत बदललेलं नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाची तयारी कशी झाली असती ते सांगते.

आपण टाळलेलं डिझाइन प्रत्यक्षात करून बघायचं. अख्खं प्रोजेक्ट नाही, दोन टेबलं आणि चार ओळी पुरतात. मी ते ओरल संपल्यानंतर केलं, चिडूनच. आधी सगळ्यात साधा पर्याय घेतला: पट्टीत दर नाही, छापताना चालू दर घ्यायचा. १४.३५ क्विंटलची पट्टी, हमालीचा दर समजा क्विंटलला ८ रुपये. हमाली ११४.८० रुपये. मग दर वाढवला:

```sql
UPDATE kapat_dar SET dar = 9.00
WHERE prakar = 'hamali';
```

तीच जुनी पट्टी पुन्हा उघडली तर हमाली १२९.१५. शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर ११४.८० आणि स्क्रीनवर १४.३५ रुपये जास्त. कुठेही एरर नाही, काही बंद पडलेलं नाही, आणि चूक सापडते ती कोणी जुना कागद घेऊन आला तरच. हे आकड्यांत सांगितलं की ‘जुन्या पट्ट्या बदलू नयेत’ या वाक्यात जीव येतो.

मग सरांचा पर्याय. दरांच्या टेबलात lagu_pasun नावाचा तारखेचा कॉलम टाकला आणि पट्टीच्या तारखेचा दर असा काढला:

```sql
SELECT dar FROM kapat_dar
WHERE prakar = 'hamali'
  AND lagu_pasun <= '2022-03-10'
ORDER BY lagu_pasun DESC LIMIT 1;
```

हे चालतं. उत्तम चालतं. जुन्या पट्टीला ८, नवीला ९, दर एकाच जागी, आणि कोणत्या काळात कोणता दर होता याचा इतिहास आपोआप जमा होतो. सरांचं म्हणणं पोकळ नव्हतं, हे मला त्या रात्री पटलं. पण मोडतं कुठे हे शोधायचं होतं म्हणून मागच्या तारखेची एक ओळ घातली: दर ८.५०, लागू १ मार्चपासून, जणू कोणी उशिरा नोंद केली. लगेच १० मार्चची, केव्हाच छापून दिलेली पट्टी बदलली. म्हणजे हे डिझाइन बरोबर ठरायचं तर मागच्या तारखेची नोंद होऊ न देण्याचा नियम वेगळा लिहावा लागतो. माझ्या डिझाइनला तो नियम लागत नाही. उलट माझ्या डिझाइनमध्ये दर चुकून चुकीचा पडला आणि दिवसभर तसाच गेला, तर त्या दिवसाची प्रत्येक पट्टी एकेक करून दुरुस्त करावी लागते. सरांच्यात एक ओळ बदलली की झालं. हा माझ्या बाजूचा तोटा आहे आणि तो विचारायच्या आधी आपणच सांगावा असं मला वाटतं. तोटा माहीत असणं हेच खरं तर स्वतः निवडल्याचं लक्षण.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. जर्नलमध्ये आम्ही बिनधास्त लिहिलं होतं, की टेबल थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये आहे. तुम्हीही लिहिता, कारण सगळे लिहितात. सरांनी तो धागा ओढला असता तर? बघा: patti_id वरून lilav_date ठरते. तारखेवरून हमालीचा दर ठरत असेल, तर दर हा थेट की वरून न ठरता मधल्या तारखेमार्फत ठरतो, आणि तारीख काही की नाही. ही ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी झाली. म्हणजे थर्ड नॉर्मल फॉर्म मोडला आणि जर्नलमधलं वाक्य खोटं ठरलं.

पण तारखेवरून दर खरंच ठरतो का? याचं उत्तर पुस्तकात नाही, पट्ट्यांच्या पिशवीत होतं. पिशवी पालथी केली तेव्हा एकाच तारखेच्या, वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या दोन पट्ट्या मिळाल्या. एकीत हमाली कापलेली, दुसरीत नाही. तेवढ्याने तारखेवरून दर ठरण्याचा नियम पडतो, दर हा त्या पट्टीचा स्वतःचा तपशील होतो आणि कॉलम जागच्या जागी बरोबर ठरतो. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये तर शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई-लेव्ही कापायची की नाही यावरूनच नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. ज्या कपातीवर असा वाद होऊ शकतो तिचा दर नुसत्या तारखेला बांधून ठेवायला माझं मन तयार नाही.

यावर सर म्हणू शकले असते, की मग दरांच्या टेबलात व्यापारीही घाला, तारीख आणि व्यापारी मिळून दर ठरेल. म्हणू शकले असते, आणि त्याला माझ्याकडे आजही पक्कं उत्तर नाही. एकाच व्यापाऱ्याच्या एकाच दिवसाच्या दोन पट्ट्यांत फरक दाखवता आला तर मी जिंकते, आणि तशी जोडी आमच्या पिशवीत नव्हती. कधी वाटतं दोन्ही ठेवावं: तारखेचं टेबल इतिहासासाठी, पट्टीतला दर कागदाशी जुळण्यासाठी. मग लगेच वाटतं, दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की खरा कोणता हे सांगण्याची नवी जबाबदारी आली.

तर तुम्ही काय करा: तुमच्या स्कीमातला एक कॉलम निवडा, जो काढून टाकला तरी प्रोजेक्ट कसंबसं चालेल. तो काढा, वेगळ्या डेटाबेसमध्ये, मूळ प्रोजेक्टला हात न लावता. काय बिघडलं त्याचं आउटपुट छापा. मग एक्स्टर्नल सुचवतील असं वाटतं ते डिझाइन करा आणि तेही कुठे मोडतं ते बघून छापा. मोडलंच नाही, तर ओरलमध्ये सरळ सांगा की हेही चाललं असतं, आम्ही हे निवडलं, आणि आमच्यात अमुक एक गोष्ट महाग पडते. ती पानं जर्नलला लावा, नमुन्याच्या कागदाच्या मागे. आणि थर्ड नॉर्मल फॉर्मचं ते वाक्य लिहिण्याआधी, ज्यांचा डेटा आहे त्यांना विचारून या की नियम खरंच तसा आहे का.