विसरभोळ्या मामाचा पोळा

तान्हा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात शिकवण्यापेक्षा ऐकायलाच जास्त असतं. आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. तोरणाखाली म्हटलेल्या झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकाची छोटी गाणी, पोरांच्या तोंडात अजून ताज्या असतात. म्हणून लिमरिक शिकवायला मी मुद्दाम तोच दिवस धरतो.

लिमरिक म्हणजे पाच ओळींची गमतीदार कविता. पहिली, दुसरी आणि पाचवी लांब, त्यांचं यमक एक. तिसरी-चौथी आखूड, त्यांचं यमक वेगळं. इंग्रजीत ती आघातांवर उड्या मारत चालते. मराठीत आघात तेवढा ठळक नाही, म्हणून ती उडी मात्रांतून आणावी लागते. मी दादरा घेतो. सहा मात्रांचा एक गट, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. लांब ओळ सहा, सहा, चार. आखूड ओळ सहा, चार. शेवटच्या चारानंतर दोन मात्रांची जागा रिकामी राहते, तिथे श्वास घ्यायचा.

विषय कोणता, असं विचारलं तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, माया मामा लय इसरभोया हाय. औंदा पोयाच इसरला!"

वर्ग हसला. आम्हाला मामा मिळाला.

मी फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं आणि टाळी धरली. 'इसरभोया' सात मात्रांचा. सहाच्या गटात तो बसेना, दर वेळी टाळी 'या'च्या मधेच पडायची. अडखळतंय हे पोरांना मोजायच्या आधीच कळलं. शब्द सोडला, त्यातला 'भोळा' ठेवला. 'मामाचा, जीव किती, भोळा': सहा, सहा, चार. दुसरी ओळ त्याच मुलीने दिली, 'यंदा तो विसरलाच पोळा'. 'विसरला'च्या पाचच मात्रा होतात. 'च' लावल्यावर सहा भरल्या आणि अर्थालाही जोर आला. भरतीचं अक्षर असं अर्थ वाढवणारं असेल तरच घ्यावं, नाहीतर ओळ फुगते.

आता पाचव्या ओळीसाठी यमकं. एक जण म्हणाला, "सोया!" आमच्याकडे ळ चा य होतो, भोया-पोया-सोया कानाला अगदी जुळतं. पण वहीत 'पोळा'खाली 'सोया' लिहिलं की जुळणी तुटते, आणि पुण्याचा माणूस वाचेल तेव्हा तर यमकच राहणार नाही. दोन्ही बोलींत टिकेल अशीच जोडी घ्या म्हटलं. मग 'डोळा' आला: 'आणि म्हणे, दुखतो रे डोळा'. मात्रा चोख, यमक चोख, पण पोळ्याचा आणि डोळ्याचा संबंध काय? यमकासाठी ओढून आणलेला शब्द असाच ओळखू येतो. त्याच्या जागी दुसरा टाकला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. तिसऱ्याने 'पोळा'च परत घ्यायला सांगितलं. लिमरिक लोकप्रिय करणाऱ्या एडवर्ड लिअरच्या 1846 सालच्या पुस्तकात शेवटच्या ओळीला बहुतेक वेळा पहिल्या ओळीचाच शब्द परत येतो, तेव्हा त्यात चूक काही नव्हती. पण मला पाचव्या ओळीत धक्का हवा होता, आणि धक्का नव्या शब्दाने बसतो.

म्हणून आधी विचारलं, मामाने नेमकं केलं काय? मुलगी म्हणाली, "कासरा घेऊन बसला, बैल वावरात कपाशी खात होता. सारा गाव तोरणाखाली, अन् हा इचारते, काहून जमले बाप्पा?" तिथेच 'गोळा' सापडला. गोष्ट पक्की झाली की यमक तिच्यातूनच निघतं. आखूड ओळींना 'हाती' आणि 'पाती' मिळाले. कपाशीला तेव्हा पाती, म्हणजे कळ्या, धरलेल्या असतात, त्यामुळे बैलाने काय खाल्लं हे इथल्या पोरांना समजावावं लागलं नाही.

मामाचा जीव किती भोळा,
यंदा तो विसरलाच पोळा!
कासराच हाती,
बैल चरे पाती,
आणि म्हणे, "गाव कसा गोळा?"

वर्गाने टाळी धरून म्हटलं. 'विसरलाच' घाईत 'विस्रलाच' होतं आणि एक अक्षर गळतं. ते मी तीनदा सुटं म्हणवून घेतलं, वि-स-र-लाच. आखूड ओळी पोरं आपोआप भरभर म्हणू लागली आणि पाचवीवर येऊन थांबली. झडतीची यमकं दोन-दोन ओळींनी येतात, त्यामुळे 'पाती'नंतर पुन्हा 'ळा' येतो हे त्यांना नवीन होतं. 'गोळा'ला खरा हशा तिथूनच आला.

मग मामाच्या जागी आपापली माणसं घालणं सुरू झालं. 'काकाचा' बसलं, 'आत्याचा' बसलं. 'मावशीचा' एका मात्रेने जास्त. मावशीसाठी हटून बसलेल्या मुलीला मी म्हटलं, 'चा' सोड, यमकच बदल, भोळी घे. घंटा झाली तरी तिच्या वहीत पोळी, होळी, झोळी, टोळी अशी रांग वाढत होती.