एक करेक्शन म्हणजे नेमकं किती?

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांच्या २५० ग्रॅम पाऊचचं डिझाइन मी सांगलीतून करत होते. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, 'दोन करेक्शन मोफत'. बस, एवढंच.

पहिलं प्रूफ गेलं आणि नऊ दिवसांत व्हॉट्सॲपवर अकरा मेसेज आले. व्यापारी दादांना लोगो मोठा हवा, धाकट्या भावाला हिरवा रंग नको, जावयांना मागच्या बाजूचा मजकूर आवडेना. मग दादांनीच लोगो पुन्हा लहान करायला सांगितला. प्रत्येक मेसेजला मी फाइल उघडून नवं प्रूफ पाठवत राहिले. माझ्या लेखी अकरा करेक्शन झाली होती, दादा म्हणाले, "ताई, अजून पहिलंच चाललंय की!"

रागातच मेल लिहायला घेतला, पण कोटेशन पुन्हा वाचलं आणि थांबले. करेक्शन म्हणजे काय, हे मी कुठंच सांगितलं नव्हतं. म्हणून झालेल्या कामाचे पैसे मागायचे नाहीत, असं ठरवून असं लिहिलं:

"नमस्कार दादा, आतापर्यंतचे सगळे बदल मी पहिली फेरी धरते. एक फेरी म्हणजे प्रूफ पाहून घरच्या सगळ्यांचे बदल एकाच यादीत, एकाच माणसाकडून येणं. यादीत तीन बदल असोत की पंधरा, फेरी एकच. यादी आल्यावर नवा मुद्दा निघाला, तर तो पुढच्या फेरीत. माझ्याकडून अक्षर किंवा आकडा चुकला, तर ती दुरुस्ती कुठल्याच फेरीत मोजणार नाही. तुमची एक फेरी शिल्लक आहे. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीचे १,२०० रुपये. रंग, फॉन्ट, लोगोची जागा हे बदल फेरीत बसतात. ठरलेली कल्पना सोडून नवं डिझाइन हवं असेल, तर त्याचं कोटेशन वेगळं. ५०० ग्रॅमचा पाऊचही वेगळं काम आहे, त्याचे २,५०० रुपये. जादा पैशाचं काम तुमचा होकार आल्याशिवाय सुरू करणार नाही."

५०० ग्रॅमच्या पाऊचचं थोडं समजावून सांगावं लागलं. दादांना वाटत होतं, तेच डिझाइन ताणून मोठं करायचं. पण मोठ्या पाऊचचा साचा वेगळा. घडी, सीलची पट्टी, झिपची जागा सगळं सरकतं. नुसतं ताणलं तर एफएसएसएआयचा नंबर सीलखाली जाऊ शकतो. शिवाय छपाईवाल्याकडं प्रत्येक रंग छापायचा सिलिंडर वेगळा. तो कोरल्यानंतर एक अक्षर बदललं तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा करावा लागतो आणि तो खर्च गिऱ्हाईकाचा. म्हणून 'फायनल' हा शब्द मेलवर लेखी हवा, हेही शेवटी घातलं.

दोन दिवसांनी वहीच्या पानाचा फोटो आला. सात मुद्दे, खाली दोघा भावांच्या सह्या. 'लोगो लहान करा' लिहून खोडलेलं होतं. ५०० ग्रॅमपुढं लिहिलं होतं, 'दिवाळीनंतर, त्याचे वेगळे देऊ.'